कडेला आलेला पाय काढू का?

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. आजीचा १९६३ सालचा लग्नाचा फोटो भिंतीवर पार पुसट झालाय. नात तो दुकानात नेते, दुरुस्त करून मोठा करून आणते आणि आजी तो पहिल्यांदाच नीट बघते. 'अगं, ही मीच का?' म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी येतं, इथे कथा संपते. मसुदा सोबत जोडलाय. ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतात शेवट खोटा वाटतो. जुने फोटो दुरुस्त करणारं कुणी सांगेल का, प्रत्यक्षात काय होतं आणि आजीला नेमकं काय दिसेल?

उत्तर:

अडचण आजीच्या रडण्यात नसावी. तुमच्या कथेत फोटोची दुरुस्ती म्हणजे काचेवरची धूळ पुसण्यासारखी झाली आहे. पुसली आणि साठ वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. तसं होत नाही. फोटोतलं काही परत येतं आणि काही कायमचं गेलेलं असतं. काय येणार आणि काय नाही हे कागदावरच्या चांदीवर ठरतं, दुकानदाराच्या हातावर फार कमी. आजीला काय दिसेल हे या वाटणीवर अवलंबून आहे. ती तुम्ही ठरवलीत की शेवट शोधावा लागणार नाही.

बरंच काही फोटो कसा आहे यावर अवलंबून आहे. मांडवातला की स्टुडिओतला, नुसता कागद की पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पेटीत राहिलेला की भिंतीवरचा, यावर उत्तर बदलतं. म्हणून एक नक्की उदाहरण धरतो, पटलं तर घ्या. तालुक्याच्या गावातला स्टुडिओ. मागे रंगवलेला पडदा, नवरदेव खुर्चीवर, नवरी शेजारी उभी. फोटो क्वार्टर प्लेट, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, निगेटिव्हवर कागद ठेवून थेट छापलेला. लाकडी फ्रेम, काच, मागे पुठ्ठा, वरून खाकी कागद. दाराच्या वर, पुढे झुकवून, सुतळीने टांगलेला.

आधी फोटो पुसट का झाला ते बघू, कारण तुमच्या कथेत तो 'काळाच्या ओघात' पुसट झालाय आणि ते फार ढोबळ आहे. कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. फोटो छापल्यावर चित्र पक्कं करायला तो हायपो नावाच्या रसायनात बुडवतात आणि मग वाहत्या पाण्यात चांगला तासभर धुवावा लागतो, नाहीतर हायपो कागदात मुरून राहतो. लग्नं वैशाखातली, पाण्याची टंचाई ऐन भरात, स्टुडिओत फोटोंचा ढीग. धुणं उरकलं जाणं अगदी शक्य आहे. राहिलेल्या हायपोतलं गंधक वर्षानुवर्षं चांदीला खात जातं, ती पिवळट तपकिरी होते आणि फिकटते. आजीचा फोटो पुसट झाला तो त्या उन्हाळ्यात पाणी कमी होतं म्हणून. हे कारण कथेत एका ओळीत सहज बसेल.

गंधक सगळीकडे सारखं खात नाही. जिथे चांदी मुळातच कमी आणि कण बारीक, तिथे ती आधी संपते. म्हणजे फोटोतले उजळ भाग पहिल्यांदा जातात. गाल, कपाळ, पांढरा सदरा, गळ्यातले मोती. गडद शालू, खुर्ची आणि पडद्यावर रंगवलेला खांब बराच काळ टिकतो. त्यामुळे पुसट झालेल्या लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा सगळ्यात आधी हरवतो आणि तिचा शालू शेवटपर्यंत राहतो. तुमच्या कथेत याच्या नेमकं उलटं आहे, चेहरा लख्ख आणि बाकी धूसर.

आता दुकान. पहिला पेच फ्रेम उघडतानाच येतो. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, नसेल तर फोटोवरचा जिलेटिनचा थर पावसाळ्यात ओल धरून काचेला चिकटतो. कोकणातल्या घरात हे हमखास, देशावरही भिंतीला ओल असली की होतंच. असा फोटो ओढून काढला तर चित्र काचेवर राहतं आणि हातात कोरा कागद येतो. जाणता माणूस मागचा खाकी कागद कापतो, बारीक खिळे काढतो, पुठ्ठा उचलतो, लाकडी चौकट बाजूला करतो आणि फोटो काचेसकट ठेवतो. मग काच बाहेरून पुसून काचेतूनच स्कॅन करतो. त्यालाही स्कॅनर योग्य हवा. पातळ आणि स्वस्त स्कॅनरला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, मध्ये दोन मिलिमीटरची काच आली की सगळं धूसर. जुन्या पद्धतीच्या जाडजूड सीसीडी स्कॅनरला तेवढी खोली चालते.

चौकट निघाल्यावर जे दिसतं त्याकडे परत येऊ. ते या सगळ्यात महत्त्वाचं आहे.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करायचा. दुकानात इथेच पहिली चूक होते. रंगीत स्कॅन म्हणजे लाल, हिरवा, निळा अशी तीन वेगवेगळी करडी चित्रं. पिवळट पडलेली चांदी निळा प्रकाश शोषते, म्हणून निळ्या चित्रात ती जास्त गडद दिसते. डोळ्याला जो गाल कोरा वाटतो, त्यावर निळ्या चित्रात नाकाची सावली आणि ओठाची कड उमटलेली सापडते. उलट, पुठ्ठ्यातून आलेला किंवा पाण्याचा तपकिरी डाग लाल चित्रात जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून चेहरा निळ्यातून घ्यायचा आणि डागाळलेला कोपरा लालमधून. ही युक्ती म्हणजे निम्मं काम. ती करून झाल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये, कारण ब्रशने जे रंगवाल ते फोटोतलं नसेल, तुमचं असेल.

स्कॅन सोळा बिटचा हवा, हेही सांगून ठेवतो. पुसट फोटोत सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ यांच्यातलं अंतर फार कमी उरलेलं असतं. ते ताणून पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत न्यायचं असतं. आठ बिटच्या फाइलमध्ये मधल्या छटा कमी पडतात आणि गालावर जिन्यासारखे पट्टे येतात. कथेत याची गरज नाही, पण दुकानातला माणूस घाईचा आहे हे दाखवायचं असेल तर पट्टे आलेला गाल हा चांगला पुरावा आहे.

यानंतर भेगा, ओरखडे आणि कसर. कसर जिलेटिन खाते. जिथे तिने थर खाल्ला तिथे नुसता कागद उरतो, त्यातून काही काढता येत नाही. पडद्यावरचं असं छिद्र आजूबाजूच्या पडद्याने बुजवता येतं, कुणाचं काही जात नाही. चेहऱ्यावरचं बुजवणं वेगळं. एक डोळा गेला की दुसरा उलटा करून तिथे बसवणारे बरेच आहेत. ते ओळखायला सोपं असतं. स्टुडिओतला दिवा एका बाजूला असतो, त्यामुळे त्याचा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला दिसायला हवा. बसवलेल्या डोळ्यात तो उलट्या बाजूला जातो आणि माणूस किंचित तिरळा वाटतो. घरच्यांना काय बिघडलंय ते सांगता येत नाही, फक्त 'ही आपली वाटत नाही' एवढं कळतं. तुमच्या आजीचं 'ही मीच का?' हे वाक्य खरं ठरू शकेल अशी हीच एक जागा मला दिसते, आणि तिथे त्यात आनंद नसेल.

आता मोठं करणं. या मापाच्या फोटोत नवरीची उंची सुमारे अडीच इंच भरते आणि चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत जेमतेम सात मिलिमीटर. मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. बारा बाय सोळा इंच केला तर प्रत्येक गोष्ट पावणेचार पट होते आणि चेहरा साधारण सव्वीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढा. निगेटिव्हवरून थेट छापलेल्या कागदात तपशील भरपूर असतो, म्हणून बाराशे डीपीआयला, म्हणजे इंचाला बाराशे पिक्सेल धरून, स्कॅन करणं वाया जात नाही. तेवढ्यात चेहऱ्याला सव्वातीनशे पिक्सेल मिळतात. पापणी, नथीचा आकडा, ओठ मिटलेले की किंचित उघडे, हे कळायला ते पुरतात. यापेक्षा मोठं केलंत तर चेहरा वाढेल, माहिती वाढणार नाही. कथेतला 'भिंतभर' फोटो तेवढा काढून टाका.

याचा आजीशी थेट संबंध आहे. लग्न १९६३ चं, म्हणजे आजी आज ऐंशीच्या घरात. या वयात बारीक दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. फिकटातलं फिकट वेगळं करण्याची नजर कमी होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. पुसट फोटोत नेमकं तेच उरलेलं असतं, फिकटावर फिकट. त्यात तो दाराच्या वर, मान वर करून बघावा लागतो आणि काचेवर खिडकी चमकते. मुगाएवढा, पुसट चेहरा एवढ्या लांबून. आजीने तो फोटो गेली वीस वर्षं तरी पाहिलेलाच नाही. तिथे फोटो आहे हे तिला माहीत आहे, इतकंच. तुम्ही 'पहिल्यांदाच नीट बघते' लिहिलंय ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त खरं आहे. पण पिवळेपणा गेल्याचं कौतुक तिला करायला लावू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसेल तर तिच्या डोळ्यातलं भिंगच पिवळट झालेलं आहे, तो फरक नातीला दिसेल. आजीला दिसेल तो आकार आणि काळं-पांढरं वेगळं झालेलं.

आता जे परत येत नाही ते. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंडावळ्या. पांढरे मोती आणि मागे उजळ गाल, दोन्ही आधी जाणाऱ्यांतले. निळ्या चित्रातही कपाळावर दोन-चार मणी आणि गालावर एखादी सावलीची रेघ मिळाली तरी नशीब. उरलेल्या मुंडावळ्या रंगवायच्या का? रंगवता येतात, अर्ध्या तासाचं काम. पण मण्यांची जाडी, लांबी, खाली गोंडा होता की नाही, हे सगळं करणाऱ्याच्या मनाचं. माझं मत, रेघ आहे तितकीच ठेवावी आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं. मग घरी काय होईल? आजी चष्मा लावून बघेल आणि विचारेल, 'मुंडावळ्या कुठं गेल्या?' आपण तरुणपणी कशा दिसत होतो हे तिला माहीत आहे. कपाळाला काय बांधलं होतं तेही माहीत आहे, आणि ते तिथे नाही.

रंगाचंही तसंच. तुमच्या मसुद्यात दुकानदार शालू लाल करून देतो. करड्या छटेवरून रंग कळत नाही, लाल आणि हिरवा शालू कृष्णधवल फोटोत अगदी एकसारखे येऊ शकतात. छटेवरून एवढंच म्हणता येतं की इतका गडद कपडा पिवळा नसणार. रंग फक्त आजीला माहीत आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. प्रसंग हवा असेल तर इथे आहे, पण मुंडावळ्या आणि शालू दोन्ही वापरू नका. एकाच कथेत आजीने दोनदा चूक काढली तर ती परीक्षक वाटायला लागेल.

आता चौकटीकडे परत. फ्रेमच्या लाकडाला आतून खाच असते, तिच्यात काच आणि फोटो बसतो. ही खाच फोटोची चारी बाजूंनी चार-चार मिलिमीटर कड झाकते. माउंट नसलेल्या फोटोची ती कड टांगल्या दिवसापासून कुणीच पाहिलेली नसते. दुकानात चौकट बाजूला झाली की ती उघडी पडते. तिथला भाग चांगला राहिलेला असेलच असं नाही, कडेने हवा शिरते आणि गडद जागी निळसर चंदेरी झाक येते. पण तिथे काय आहे ते दिसतं. बहुधा पडद्याची शिवण, दिव्याचा स्टँड, कधी फोटोग्राफरच्या पोऱ्याचा हात.

तुमच्या कथेत तिथे एक पाय असू द्या. नवरीबरोबर सासरी जाताना पाठराखीण जायची, बहुतेक धाकटी बहीण. स्टुडिओत तिला 'तू जरा बाजूला उभी राहा' म्हटलं असणार. ती बाजूला झाली, पण पुरती झाली नाही. फोटोच्या डाव्या कडेला परकराचा काठ आणि अनवाणी पायाचा पुढचा भाग राहिला, मुळात चार मिलिमीटर, मोठ्या फोटोत दीड सेंटिमीटर. परकर आणि पाय उजेडात नाहीत, मध्यम छटेचे आहेत, म्हणून चेहऱ्यापेक्षा चांगले टिकले. बोटं मोजता येतील. दाराच्या वर टांगलेला असताना तो खाचेत होता, त्यामुळे घरात कुणालाच माहीत नाही.

हे जुळवून आणल्यासारखं वाटेल म्हणून सांगतो, कडेला अर्धवट आलेली माणसं जुन्या फोटोंत नेहमीची असतात. फोटोग्राफर पुढे एन्लार्जमेंट करताना कड कापू म्हणून सोडून देत, आणि थेट छापलेल्या कागदात ती तशीच राहून जाई. दुकानात तर हा ठरलेला प्रश्न आहे. काम पूर्ण करण्याआधी गिऱ्हाइकाला फोन जातो: 'ताई, डाव्या कडेला कुणाचा तरी पाय आलाय. काढून टाकू का?' काढणं सोपं असतं, पडद्याचा आणि फरशीचा थोडा भाग तिथे ओढला की झालं. दहा मिनिटं.

कथेचा कणा मी इथे धरला असता, फोटो बघण्याच्या प्रसंगात नाही. नातीला तो पाय कुणाचा हे ठाऊक नाही. ती घाईत 'हो, काढा' म्हणाली, की 'थांबा, विचारून सांगते' म्हणाली? पहिल्या उत्तरात आजी नवा फोटो बघेल, छान झालाय म्हणेल आणि कथेत काय गेलं ते फक्त वाचकाला कळेल. दुसऱ्यात तिला आधी आजीला विचारावं लागेल, म्हणजे फोटो यायच्या आधीच मावशीआजीचा विषय निघेल आणि फोटो आल्यावर आजी कुठे बघणार हे आपल्याला ठाऊक असेल. दोन्ही चालतील. मी दुसरी निवडेन, कारण पहिलीत नातीला दोषी धरल्यासारखं होतं आणि ती बिचारी चांगलंच करायला गेली होती.

प्रसंग लिहिताना क्रम सांभाळा. आजी फोटो हातात घेईल, काचेवर उजेड पडतो म्हणून तिरका धरेल, चष्मा मागवेल. स्वतःचा चेहरा बहुतेक वयस्कर माणसं पहिल्यांदा बघत नाहीत. ती आधी बाकीच्यांना ओळखतात, मग दागिने, आणि स्वतःकडे शेवटी येतात. आजोबांवर एखादं वाक्य, मुंडावळ्यांचा प्रश्न, मग बोट डाव्या कडेला. तिथे तिला फार बोलायला लावू नका. 'हिला बाजूला हो म्हटलं होतं' एवढं पुरे.

शेवटी मापाची एक गोष्ट, नाहीतर सगळं मुसळ केरात. सव्वातीन बाय सव्वाचारचा फोटो सोळा इंच उंच केला की रुंदी सव्वाबारा इंच होते, बारा नाही. बारा बाय सोळाच्या कागदावर छापायला दिलात तर लॅबवाला पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर कापणार, आणि चेहरे मधोमध यावेत म्हणून ते डावीकडूनच कापू शकतो. नव्या फ्रेमची खाच आणखी सहा मिलिमीटर झाकेल. पायाच्या पंधरा मिलिमीटरांतले बारा गेले. नातीने सोळा बाय वीसच्या कागदावर, चारी बाजूंनी पांढरी कड सोडून, सव्वाबारा बाय सोळाचं चित्र छापून घ्यायला हवं, आणि काचेला फोटो टेकणार नाही असा माउंट घालायला हवा. दुकानातल्या पावतीवर हे एका ओळीत लिहिलेलं दाखवलंत तर वाचकाला पुढे काय येणार ते कळणार नाही, पण फोटो घरी आल्यावर पाय खाचेत जाणार नाही.